ओढ आणि सोड

माझ्या ताईशी बोलायचं तर तिच्यासमोर उभं राहून बोलावं लागतं. पाठीमागून हाक मारली की बाईसाहेबांना पत्ताच नसतो. "लक्ष नव्हतं गं," म्हणायची. आमच्या घरात सगळे हेच म्हणायचे, ताईचं लक्ष नसतं. आई गेली तीही हेच म्हणत गेली. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, पण आमच्या घराण्याला कोंबडं झाकायची भारी हौस.

ताई बाटल्यांच्या कारखान्यात. काचेच्या बाटल्या. भट्टीतून लालभडक गोळे साच्यात पडतात, वरून हवेचा फवारा बसतो, आणि बाटली फुगून बाहेर येते. त्या हवेचा जो काही आवाज आहे, तो मी एकदाच ऐकला आणि कानाला खडा लावला, पुन्हा त्या शेडमध्ये पाय ठेवायचा नाही. ताई तिथे उभं आयुष्य उभी राहिली. पट्ट्यावरून बाटल्या सरकतात, मागे पांढरा दिवा असतो, आणि बायका तडा, बुडबुडा, वाकडं तोंड बघून खराब बाटली उचलून टाकतात. तिथे बोलून काही ऐकू येत नाही, म्हणून सगळ्या जणी ओठांवरून आणि हातांवरून बोलतात. दोन बोटं वाकवली म्हणजे बुडबुडा, मूठ म्हणजे पट्टा थांबवा. सुपरवायझरची नक्कल करायची झाली तर नाक वर करायचं. हसून हसून मुरकुंडी वळायची म्हणे, आणि आवाज कुणाचाच कुणाला नाही.

कानात घालायला बोंडं देतात, पण ताईला त्यानं खाज यायची. "मला नाही चालत," म्हणाली, आणि विषय संपला. मग हळूहळू कान गेले. पूर्ण नाही गेले. कानांच्या डॉक्टरांनी मला पुढे सगळं समजावून सांगितलं, तेव्हा फार उशीर झाला होता ती गोष्ट वेगळी. अशा गोंगाटानं आधी बारीक, धारदार आवाज जातात. शिट्टी, पाखरं, आणि बोलण्यातले स, श, च. जाड आवाज राहतात. माणूस ओरडला हे कळतं, कोण ओरडलं हेही कळतं, शब्दाची फक्त कड जाते. ती कड ताई ओठांवरून भरून काढायची, इतकी सफाईनं की माझ्या पार्लरमधल्या बायका तिच्याशी तासभर गप्पा मारून जायच्या आणि एकीलाही संशय यायचा नाही.

कारखान्यात दर वर्षी कान तपासतात. काचेच्या खोलीत बसवतात, कानाला यंत्र लावतात, आवाज आला की बटण दाबायचं. ताई बाहेर बसलेल्या मुलीच्या खांद्याकडे बघायची. तिनं कळ दाबली की खांदा जरासा हलायचा, की दाब बटण. "पास!" म्हणून घरी येऊन सांगायची आणि आम्ही दोघी हसायचो. नापास झालं तर पट्ट्यावरून काढून खोक्यांच्या गोदामात पाठवतात, तिथे गाड्यांचे भोंगे ऐकावे लागत नाहीत म्हणून. पगार तोच. पण पट्टा म्हणजे ताईचं राज्य होतं. तिच्या मैत्रिणी तिथे, तिची थट्टा तिथे, तिचा दरारा तिथे. लग्न केलं नाही, मूल नाही. गोदामात जायचं म्हणजे तिला जिवंतपणी गाडल्यासारखं होतं, आणि हे ती स्पष्ट म्हणायची.

भट्टी दुरुस्तीला बंद पडली तेव्हा पट्ट्यावरच्या बायकांनी डोंगरावर जायचं ठरवलं. घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं, तशी आमची ही. गुडघे कुरकुरतात, पण मागे राहील तर शपथ. गेली. तिथे जे झालं ते मला तिनं तुकड्या-तुकड्यानं सांगितलं, आणि उरलेलं तिथे भेटलेल्या एका लिफ्टवाल्यानं. दोघांचं जिथे जुळतं तेवढंच सांगते. एका शब्दावर जुळत नाही, तो शब्द येईलच.

आठवडाभर पाऊस लागून राहिला होता. त्या दिवशी सकाळी उघडलं म्हणून निघाल्या. पाऊस थांबला म्हणजे डोंगर थांबला असं नसतं, हे कुणाला माहीत? मुरलेलं पाणी आतल्या आत उतरत असतं. ताई मागे पडली. बाकीच्या वळणाच्या पलीकडे गेल्या. मागून एक माणूस एकटाच येत होता, पाठीवर भलीमोठी पिशवी, कपाळावर आठ्या. "बाजूला व्हा जरा," म्हणाला. पहिलं वाक्य हे. लिफ्ट दुरुस्त करायचं काम करायचा, सुट्टीच्या दिवशी डोंगर चढायचा, आणि माणसं आवडत नाहीत म्हणून एकटा चढायचा.

ताई बाजूला झाली, आणि तिची नजर पायवाट ओलांडणाऱ्या ओहोळाकडे गेली. मघाशी स्वच्छ होता, आता चहासारखा. वरच्या उतारावरून खडे टणटण उड्या मारत येत होते. तिला आवाज नव्हताच, पण पायांत कळलं. पट्टा बिघडायच्या आधी जमीन जशी तळपायात कुरकुरते, तसं. ती "अहो!" म्हणेपर्यंत वरचा अख्खा उतार, झाडांसकट, उभाच्या उभा खाली निघाला.

पुढची वाट गेली, मागची वाट गेली. मधला थोडा तुकडा राहिला, त्यावर ही दोघं. एक धोंडा लिफ्टवाल्याच्या घोट्यावर बसला होता. तो उठायला गेला आणि किंचाळून खाली बसला. म्हणाला, "तुम्ही जा." ताई म्हणाली, "कुठे जाऊ? उडून?"

तळपायात कुरकुर चालूच होती. तिनं जमिनीवर पालथा हात ठेवला आणि काही न बोलता त्याच्या पिशवीचे पट्टे धरून त्याला फरफटत आडवं ओढायला लागली. खाली नाही, आडवं. कारण दरड खाली धावते, आणि तिच्या पुढे पळून कुणी जिंकत नाही. बाजूला दगडाचा एक दांडा वर आलेला होता, त्याच्या पाठीमागे तिनं त्याला नेऊन टाकलं. तो तिला शिव्या देत होता. मग दुसरी दरड आली, आणि तो जिथे बसला होता ती जागा नाहीशी झाली. शिव्या थांबल्या.

हे तो कधीच नाकारत नाही. दवाखान्यात मला म्हणाला, "त्या बाईनं मला ओढलं नसतं तर मी मातीखाली असतो. लिहून घ्या हवं तर."

मग दोघांनी मिळून जे करायचं ते नीट केलं. बूट काढला नाही, सुजलेला पाय परत बुटात जात नाही. नाडी सैल केली, हातातली काठी मोडून घोट्याच्या दोन बाजूंना लावली आणि ताईच्या ओढणीनं बांधली. फोन चिखलात गेले होते. ताईच्या गळ्यात शिट्टी होती. दमून ओरडण्यापेक्षा शिट्टी बरी: ठरावीक अंतरानं फुंकायची, मग गप्प राहून उत्तर ऐकायचं, मग पुन्हा. ताई फुंकायची आणि गप्प बसून त्याच्या तोंडाकडे बघायची. त्याला वाटलं, बाई घाबरल्यात, आधार शोधताहेत.

त्या दांड्यावर राहता येण्याजोगं नव्हतं. वरच्या बाजूला जमिनीला भेगा पडत होत्या, आणि तिथली झाडं तिरकी होती. तिरकं झाड म्हणजे त्याच्याखालची माती सरकते आहे. खाली, घराच्या मजल्याहून थोडं जास्त खोल, एक रुंद कातळ होता आणि त्याच्या कडेला झाडं सरळ उभी होती. तिथे पोचलं तर वाचलो, असं लिफ्टवाला म्हणाला. त्याच्या पिशवीत दोर होता. असणारच, लिफ्टवाला दोराशिवाय आणि मी कात्रीशिवाय घराबाहेर पडत नाही.

दोर त्यानं छातीभोवती बांधला, ओढलं तरी आवळणार नाही अशा गाठीनं. दुसरं टोक एका सरळ, जाड खोडाला दोन वेढे घालून ताईच्या हातात दिलं. वेढ्यांनी वजन झाड पेलतं, माणसानं फक्त दोर हळूहळू द्यायचा. एवढ्या जड माणसाला ताईसारखी बाई अशीच उतरवू शकते. त्यानं हे सगळं तिला समोर बसून सांगितलं, आणि मग म्हणाला, "मी 'ओढ' म्हटलं की ओढायचं, 'सोड' म्हटलं की सोडायचं. कामावर आम्ही अहो-जाहो करत नाही, राग मानू नका. कळलं?"

ताईनं मान हलवली. कळलं होतंच. ओठ समोर होते.

इथे बोलायला हवं होतं. "मला नीट ऐकू येत नाही, शिट्टीनं खुणा करू" म्हणायला किती श्वास लागतो? किंवा दोराला दोन हिसके द्या, म्हणायचं. इतकी वर्षं हातांनी बोलणारी बाई, खुणा शोधून काढणं तिच्या डाव्या हातचा मळ. ताई म्हणते, "शब्द ओठापर्यंत आला गं. पण तिथून पुढे कधी गेलाच नव्हता ना, वाटच माहीत नव्हती." मला तिचा राग येतो आणि रडूही येतं, आणि दोन्ही एकदम आलं की मी भांडी आपटते.

तो मागे सरकला, कडेवरून खाली गेला आणि दिसेनासा झाला. ताई दोर देत राहिली. दोर कडेच्या दगडावर घासत होता, धार होती तिथे, म्हणून त्यानं स्वतःची टोपी त्याखाली घातली होती. थोडं उतरल्यावर टोपी निसटली. ती परत सारायला त्यानं एका पायावर, एका खोबणीत उभं राहून उजवा हात वर नेला, आणि दोर ताणला गेला तशी त्याची बोटं दोर आणि दगडाच्या मधे सापडली. पाय खोबणीत होता, भार पायावर होता. जरासा दोर सैल मिळाला असता तर बोटं सुटली असती. एवढंच हवं होतं. तो ओरडला, "सोड!"

खालून पाणी गर्जत होतं. कडेमुळे त्याचं तोंड दिसत नव्हतं. 'सोड'मधला स काढा आणि बोलून बघा काय राहतं ते. ताईला ऐकू आलं, "ओढ!"

तिला वाटलं, तो घसरतोय. तिनं खोडावरचे वेढे कमी केले, नाहीतर ओढताच येत नाही, आणि अंग मागे टाकून ओढलं. तो आणखी मोठ्यानं ओरडला. तिनं आणखी जोरात ओढलं. विचार करा जरा, बोटं चिरडत असलेला माणूस जीव तोडून सोड सोड म्हणतोय, आणि वर एक बाई जीव तोडून ओढतेय, आणि दोघंही एकमेकांना वाचवायला बघताहेत. त्या हिसक्यानं त्याचा पाय खोबणीतून सुटला. आता सगळं अंगच दोरावर आलं आणि दोराखाली बोटं.

मग तो गप्प झाला. ते गप्प होणं ताईला कळलं. तिनं वेढे परत घातले, दोर खोडाला पक्का बांधला, आणि कडेपर्यंत सरपटत जाऊन खाली पाहिलं. त्याचा पांढराफटक चेहरा वर होता. आवाज निघत नव्हता, फक्त ओठ हलत होते. ते तिनं लख्ख वाचले.

ती धावत मागे गेली. दोर आता ताणानं इतका आवळला होता की गाठ सुटेना, तिनं दातांनी सोडवली. मग वेढ्यांवरून हळूहळू दोर देत त्याला कातळावर उतरवलं. बोटं सुटताना त्याचं काय झालं ते दोघंही सांगत नाहीत. मागून ती स्वतः उतरली. दोर खोडामागून दुहेरी घेतला, दोन्ही पदर हातात धरून घसरत आली, आणि खालून एक पदर ओढून दोर काढून घेतला. हे त्यानंच खालून सांगितलं, कळ सोसत, आणि तिनं कडेवरून वाकून त्याच्या ओठांवरून वाचलं. बोटांतून रक्त जात होतं आणि तो तिला दोर कसा काढायचा ते शिकवत होता.

तिनं रुमाल दाबून धरला आणि हात छातीच्या वर उचलून ठेवला, कारण खाली लोंबला की रक्त थांबत नाही. ओले सुती कपडे अंगातली ऊब खातात, ते काढून पिळले, पिशवीतला कोरडा स्वेटर त्याला घातला. अंगाखाली दोन्ही पिशव्या आणि पाला घातला. थंडी वरून येते त्यापेक्षा खालच्या दगडातून जास्त चढते. वर त्याचा रेनकोट पांघरून दोघं एकमेकांना चिकटून बसली. ज्या माणसाला सकाळी "बाजूला व्हा" म्हणण्याइतका तिचा राग आला होता त्याच्या कुशीत ती, आणि ज्या बाईनं आपली बोटं चिरडली तिच्या कुशीत तो. दोघांपैकी कुणी सुटं झालं असतं तर गारठून गेलं असतं. ताईनं त्याचा हात रात्रभर वर धरून ठेवला. तिच्या दंडाला पुढे कित्येक दिवस कळ येत होती.

उजाडल्यावर तिनं पुन्हा शिट्टी फुंकली आणि थांबली. तो एकदम ताठ झाला. "आली! समोरच्या कड्यावरून. फुंका पुन्हा!" तिनं फुंकली. उत्तर आलं. तो म्हणाला, "ऐकलंत ना?"

ती म्हणाली, "हो, हो."

"किती वेळा वाजली?"

ती शिट्टीवरचा चिखल पुसायला लागली. तो तिच्याकडे बघत राहिला. मग तिच्या कानाजवळ, पण तोंड वळवून, काहीतरी बोलला. तिनं विचारलं, "काय?" तेव्हा तो हसला, आणि ताई म्हणते, तसं हसणं कुणी हसू नये. म्हणाला, "शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही तुम्हाला."

"वाऱ्यामुळे," ताई म्हणाली.

सुटकेला आलेल्या माणसांनी दोघांना काढलं. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं डॉक्टरांनी काढली, तिसरं वाकत नाही. आणि दवाखान्याच्या दारात वर्तमानपत्राचा माणूस उभा. शूर महिला, अनोळखी पुरुषाचे प्राण वाचवले, वगैरे. त्यानं विचारलं, बोटांना कसं लागलं? मी तिच्या शेजारीच उभी होते. ताई म्हणाली, "ते 'ओढ' म्हणाले. मी जीव खाऊन ओढलं."

तो 'सोड' म्हणाला होता हे त्यानं मला दवाखान्यातच सांगितलं होतं, म्हणून घरी आल्यावर मी ताईला विचारलं, "खोटं का बोललीस?"

"खोटं कुठे? मला ओढ ऐकू आलं. ऐकू आलं ते सांगितलं."

"आणि नंतर ओठांवर काय वाचलंस?"

"ते पेपरवाल्यानं विचारलं नाही," म्हणाली. असलं वकिली बोलणं तिला कुठून सुचतं कोण जाणे. कारखान्यात हार घातला, फोटो लावला. पट्ट्यावरच्या बायकांनी हातांनी टाळ्या न वाजवता नुसते हात हलवले, तशी त्यांची रीत. त्या दिवशी खरं सांगितलं असतं तर फोटो उतरवून तिला गोदामात बसवलं असतं. मीही म्हटलं, झाकली मूठ. त्याची बोटं तर आता परत येत नाहीत.

बोटं येत नव्हती हे खरं, पण त्याला बोटं मागायचीच नव्हती. एका संध्याकाळी तो आमच्या दारात उभा राहिला. मी चहा ठेवायला आत गेले. तो ताईच्या समोर बसला, अगदी समोर, आणि हळू, सुटं सुटं बोलायला लागला. माणूस तुसडा, पण तेवढी जाण होती.

म्हणाला, "या हातानं आता तार धरता येत नाही. लिफ्टच्या कामात बिनबोटाच्या माणसाला एकच जागा. वर, माचीवर उभं राहायचं आणि खालच्याला सांगायचं, कधी ओढ, कधी सोड. खालचा माणूस डोकं वर न करता तसं करतो. माझ्या शब्दावर त्याचा जीव. माझा जोडीदार, आम्ही इतकी वर्षं एकत्र आहोत, पेपर वाचून म्हणाला, घाबरलास की तू उलटं ओरडतोस. आता माझ्याखाली कुणी उतरत नाही."

ताईनं पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला.

"तुम्हाला काय ऐकू आलं ते विचारत नाही. मी काय म्हणालो होतो?"

"मला ओढ ऐकू आलं," ताई म्हणाली.

"माझ्या तोंडाकडे पाहिल्यावर लगेच सोडलंत ना?"

"चहा घ्या," ताई म्हणाली. मी आतून ऐकत होते. कप विसळत विसळत दात आवळले मी.

तो उठला. चहा घेतला नाही. दाराशी वाकून, आमच्याकडे पाठ करून बूट घालायला लागला. एका हातानं नाडी बांधायची म्हणजे वेळ लागतो. तसंच वाकलेला असताना, मान वर न करता म्हणाला, "कारखान्याला नका सांगू, पेपरला नका सांगू. फक्त माझ्या जोडीदाराला, एकट्याला सांगा. तो कुणाजवळ बोलणार नाही. मी हात जोडतो."

आणि थांबला. मीही आत थांबले. मला वाटलं, आता ताई बोलेल. इतक्या मऊ आवाजात तो माणूस बोलेल असं वाटलं नव्हतं. नाडी बांधून झाली. उत्तर आलं नाही. तो सरळ झाला आणि मागे न बघता निघून गेला.

मी बाहेर आले तर ताई टेबल पुसत होती. म्हणाली, "गेला? जाताना काही म्हणाला का गं?"

मीसुद्धा विसरले होते! जन्मभर जिच्याबरोबर राहिले तिच्याबद्दल मीच विसरले होते. मी तिला समोर धरून सगळं सांगितलं, शब्द न् शब्द. तिचा चेहरा बघवेना. फडकं टाकून ती जिन्याकडे धावली. कठड्यावरून वाकून, बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा ते कळत नाही, तसल्या आवाजात ओरडली, "अहो! मला ऐकू येत नाही हो! तुम्ही सोडच म्हणाला होता! सोडच म्हणाला होता!"

मी खाली धावले. रस्त्यावर तो नव्हता. लंगडा माणूस इतका लवकर जातो कसा? समोरच्या पानपट्टीवाल्यानं सांगितलं, रिक्षात बसला. त्याच्यापर्यंत काही पोचलं नव्हतं. पोचलं ते आमच्या इमारतीत, आणि आमची इमारत म्हणजे कारखान्याचीच चाळ, प्रत्येक मजल्यावर दोन घरं तिथली. सकाळच्या पाळीला हे या कानाचं त्या कानाला झालं होतं. ताईला पुन्हा काचेच्या खोलीत बसवलं, या वेळी मुलीच्या आणि तिच्या मधे पडदा लावून. ताईनं बटण जवळजवळ दाबलंच नाही. खोक्यांच्या गोदामात पाठवलं. तिथे शांत असतं. पुठ्ठा दुमडायचा, चिकटपट्टी लावायची. शांततेत लोक ओठ न हलवता, खाली मान घालून पुटपुटतात, त्यामुळे तिला तिथे काहीच कळत नाही.

पहिल्या सुट्टीला मी तिला घेऊन लिफ्टच्या वर्कशॉपमध्ये गेले. तिनंच हट्ट धरला. लिफ्टवाला काम सोडून गेला होता, फोन बंद, कुठे गेला ते कुणाला सांगितलं नव्हतं. जोडीदार भेटला. बऱ्यापैकी माणूस, हात पुसत समोर येऊन उभा राहिला, खुर्ची दिली, पाणी दिलं. ताईनं त्याला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. खांदा हलायचा ते बटणसुद्धा. तो मधेमधे प्रश्न विचारत होता, ती उत्तरं देत होती. एकही प्रश्न तिला दुसऱ्यांदा विचारावा लागला नाही.

शेवटी तो म्हणाला, "ताई, तुम्ही फार मोठ्या मनाच्या. त्याचा जीव वाचवलात आणि आता त्याची अब्रू वाचवायला आलात. पण इतका वेळ माझ्याशी बोलताय, मला एकदाही आवाज चढवावा लागला नाही. आणि म्हणे ऐकू येत नाही!" हसला, चांगुलपणानं हसला. "एवढं खोटं कुणासाठी बोलू नये."

ताई त्याच्या ओठांकडे बघत होती. एक शब्दही तिच्या नजरेतून निसटला नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी बोलले, खूप बोलले, त्या माणसावर ओरडलेसुद्धा, पण मी तिची बहीण. माझं कोण ऐकतो.

बाहेर आलो. मी तिच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "आता?"

"तो कुठे गेला ते शोधायचं," ताई म्हणाली. "आणि सापडला तर तू बोल. तो काय म्हणेल ते रागानं तोंड वळवून म्हणेल, मला कळायचं नाही."